विचार की रवंथ?

मागच्या दिवाळीत आडत्याने आमच्या सोयाबीनचे १८ हजार अडवून ठेवले. पंधरा रात्री माझ्या डोक्यात एकच घोळ, "आमच्याशीच असं का? ह्यांनी विश्वास का ठेवला?" वाटायचं, मी मार्ग शोधतेय. एकदा सामायिकानंतर वही घेऊन हिशोब मांडला, तर जमेला काहीच नाही. आपल्याकडे याला आर्तध्यान म्हणतात. नकोसं काही वाट्याला आलं की मन त्यालाच चिकटून बसतं. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनीही हेच दाखवलं, की अशी रवंथ उदासी लांबवते.

माझी खूण साधी आहे. प्रश्न 'का'वर फिरतोय, की 'काय, कधी, कुणाकडे' इथपर्यंत येतोय? पंधरा मिनिटांत उद्याचं एक तरी काम कागदावर उतरलं नाही, तर ती रवंथच.

मी तीन ओळी लिहिल्या: हिशोबपट्टी शोधायची, गुरुवारी ह्यांनी जाऊन तारीख मागायची, नाहीतर बाजार समितीत लेखी तक्रार. तारीख मिळाली, पैसे दोन हप्त्यांत आले.

गेलेल्या माणसाच्या आठवणीला मात्र ही फूटपट्टी लावू नका. तिथे सोडवायचं काही नसतं.