मुदतीच्या दिवशीचा हिशेब : कॉल आणि पुट

भारतात ऑप्शनचे व्यवहार 2001 साली राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. आज ते मोबाइलवरून काही क्षणांत करता येतात. परंतु खरेदी केलेल्या ऑप्शनचे मुदतीअखेर नेमके काय मोल उरते, याचा हिशेब नवे गुंतवणूकदार क्वचितच आधी मांडतात.

कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीस शेअर विकत घेण्याचा हक्क. पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीस शेअर विकण्याचा हक्क. या ठरलेल्या किमतीस स्ट्राइक प्राइस म्हणतात, आणि हक्कासाठी मोजलेल्या रकमेस प्रीमियम. जागेच्या व्यवहारातील विसाराशी प्रीमियमची तुलना केली जाते, पण त्यात एक मोठा भेद आहे. विसाराची रक्कम पुढे खरेदीच्या किमतीत वळती होते. प्रीमियम वळता होत नाही. तो दिला त्या क्षणीच विकणाऱ्याचा झाला.

उदाहरणादाखल एका शेअरचा भाव 1000 रुपये आहे असे समजू. 1000 स्ट्राइकचा कॉल 40 रुपयांस मिळतो आणि एका लॉटमध्ये 500 शेअर आहेत. म्हणजे गुंतवणूकदाराने 20,000 रुपये मोजले. दलाली व कर येथे बाजूस ठेवू.

मुदतीच्या दिवशी शेअरचा भाव 1000 किंवा त्याहून कमी असेल, तर हक्काचे मोल शून्य. बाजारात 900 रुपयांस मिळणारी वस्तू 1000 देऊन कोण घेईल? भाव 900 असो वा 700, तोटा 20,000 रुपयांवरच थांबतो. भाव 1100 झाला, तर हक्काचे मोल शेअरमागे 100 रुपये. त्यातून 40 वजा जाता 60 रुपये, म्हणजे लॉटवर 30,000 रुपये नफा.

खरी मेख या दोन टोकांच्या मधे आहे. भाव 1030 वर थांबला असे धरा. शेअर वाढेल हा अंदाज अचूक ठरला. तरीही हक्काचे मोल केवळ 30 रुपये आणि खर्च 40. लॉटवर 5,000 रुपये तोटा! स्ट्राइक प्राइस अधिक प्रीमियम, म्हणजे 1040, ही ना-नफा-ना-तोट्याची पातळी होय. केवळ दिशा बरोबर असणे पुरत नाही. मुदतीच्या आत भावाने ही पातळी ओलांडावी लागते.

पुटचा हिशेब याच्या उलट. 1000 स्ट्राइकचा पुट 35 रुपयांस घेतला, तर ती पातळी 965 येते. भाव 900 झाल्यास हक्काचे मोल 100, नफा 65 रुपये, लॉटवर 32,500. भाव 980 वर थांबला, तर मोल 20, म्हणजे 7,500 रुपये तोटा.

ज्याच्याजवळ हेच 500 शेअर आधीपासून आहेत, त्याच्यासाठी मात्र पुट विम्यासारखा असतो. भाव कितीही कोसळला तरी मुदतीच्या दिवसापर्यंत त्याच्या शेअरचे मोल, हप्ता वजा जाता, 965 रुपयांच्या खाली जात नाही. भाव पडला नाही, तर 17,500 रुपयांचा हप्ता खर्ची पडला, एवढेच.

खरेदीदाराचा नफा तोच विकणाऱ्याचा तोटा. 1000 चा कॉल विकणाऱ्यास जास्तीत जास्त 20,000 रुपये मिळू शकतात. पण भाव 1300 झाला, तर शेअरमागे 260 रुपये, म्हणजे 1,30,000 रुपये जातात, आणि शेअर जवळ नसल्यास या तोट्यास वरची मर्यादा नाही. नियमित उत्पन्न म्हणून कॉल विकण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा हा दुसरा आकडा बहुधा सांगितला जात नाही.

आणखी एक बाब. आपल्याकडे निर्देशांकाच्या ऑप्शनचा हिशेब रोखीने मिटतो, परंतु एकेका कंपनीच्या शेअरवरील ऑप्शनमध्ये मुदतीअखेर शेअर प्रत्यक्ष घ्यावे वा द्यावे लागतात. 1030 भावाला तो कॉल न विकता तसाच ठेवला, तर गुंतवणूकदारास 500 शेअरांचे 5,00,000 रुपये भरावे लागतील. एवढी तयारी नसणाऱ्याने मुदतीपूर्वीच ऑप्शन विकून मोकळे व्हावे.

सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार, मागील तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. म्हणून सौद्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहावेत : बुडू शकणारी पूर्ण रक्कम, ना-नफा-ना-तोट्याची पातळी, आणि शेअर घ्यावे लागल्यास लागणारा पैसा. वरच्या कॉलसाठी ते 20,000, 1040 आणि 5,00,000 असे आहेत. यांपैकी एकही आकडा पेलणारा नसेल, तर तो सौदा आपला नव्हे.