मागणारा कोणीच नाही, तरी हुंडा दिला जातोच : संपादकांना पत्र

प्रति,
मा. संपादक,


आपल्या दैनिकात हुंड्यावर अग्रलेख आला, तो आम्ही यावलच्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून वाचला. हुंडा अज्ञानातून आणि हावेतून येतो, शिक्षण वाढले आणि कायदा कडक झाला की तो जाईल, असे आपण लिहिले आहे. आपला हेतू चांगला आहे, निदान मात्र चुकीचे आहे. आणि निदान चुकले की औषधही चुकते, म्हणून हे पत्र.

दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एप्रिल २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातील भिसे वाघोली येथे एका शेतकऱ्याच्या २१ वर्षांच्या मुलीने विहिरीत उडी घेतली. वडिलांची परिस्थिती हलाखीची होती, लग्नाचा खर्च झेपत नव्हता, आणि आपल्या जाण्याने त्यांचे ओझे कमी होईल, असे तिने चिठ्ठीत लिहून ठेवले होते. तिच्याकडे कोणत्याही सासऱ्याने काही मागितले नव्हते, कारण सासरच अजून ठरले नव्हते. दुसरी घटना मे २०२५ ची, पुण्याजवळच्या भुकूमची. सधन, राजकारणात वजन असलेले सासर आणि तितकेच सधन माहेर. ५१ तोळे सोने आणि महागडी मोटार दिल्याचे मुलीच्या वडिलांनी जाहीरपणे सांगितले. तरीही ती मुलगी वाचली नाही. सासरच्यांवरील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आमचा प्रश्न वेगळा आहे. एकीकडे काहीच नाही आणि दुसरीकडे सर्व काही आहे, मग दोन्ही घरांत एकच गोष्ट कशी शिरली? याचे उत्तर अज्ञानात सापडत नाही आणि एखाद्या माणसाच्या हावेतही पुरते सापडत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली. काही गोष्टी कोणा एकाच्या मनात नसतात. त्या व्यक्तीच्या बाहेर असतात आणि बाहेरून तिच्यावर सक्ती करतात. आपण मुकाट वागतो तोवर ही सक्ती जाणवत नाही. विरोध केला की लगेच जाणवते. हुंडा नेमका असा आहे. ही सक्ती कशी चालते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्याच तालुक्यातले एक बौद्ध कुटुंब. वडील केळीच्या बागेत रोजंदारीवर, मुलगी बी.ए. झालेली, मुलगा पुण्याकडे कंपनीत कंत्राटी. बैठक समाजमंदिरात, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. मुलाचे काका सुरुवातीलाच म्हणाले, "आम्हाला एक रुपया नको. बाबासाहेबांची माणसं आहोत आपण. फक्त लग्न चांगलं करून द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. थोड्या वेळाने मध्यस्थ सहज बोलल्यासारखे बोलला, "आधीच्या स्थळाने गाडी देऊ केली होती, पण यांना मुलगी पसंत पडली." यात मागणी कुठे आहे? कुठेच नाही. पण मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. मग मुलीचा सख्खा मामा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, रिकाम्या हाताने पाठवली तर पोरीला तिथं काय किंमत राहील?"

बैठक उठली तेव्हा दोन तोळे सोने, मोटारसायकल, कपाट, पलंग, भांडी आणि पाचशे माणसांचे जेवण ठरलेले होते. सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेले. सगळे मिळून साडेपाच लाखांच्या घरात गेले. निम्मी रक्कम आईच्या नावावर बचतगटातून आणि फायनान्स कंपन्यांकडून उचलली. आता ती आठवड्याचे हप्ते भरते. त्या बैठकीत 'हुंडा' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. आम्हीही तिथे होतो, गप्प बसलो आणि लग्नात जेवून आलो. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण हे न लिहिता आपल्याला उपदेश करणे खोटेपणाचे ठरेल.

संपादक महोदय, या बैठकीत गुन्हेगार कोण ते सांगा. काकांनी मागितले नाही. मध्यस्थाने फक्त माहिती दिली. मामाला तर भाचीचीच काळजी होती. तरी साडेपाच लाख हलले. दबाव टाकणारा एक माणूस नसतो, म्हणून तो दबाव कोणालाच दिसत नाही. नकार देणाऱ्याला मात्र तो लगेच दिसतो. काही न देता मुलीचे लग्न लावले की कुजबुज सुरू होते : "मुलीत काही खोट असेल", "बापाला पोर जड झाली होती". कुजबुज हीच शिक्षा असते. ती कोर्ट देत नाही, शेजारी देतात, आणि भोगावी मुलीला लागते.

म्हणूनच १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा इथे अडखळतो. त्याची व्याख्या संकुचित नाही. लग्नाच्या संबंधात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली मालमत्ता हुंड्यात येते. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद आहे. पण मागणीशिवाय दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे. भेटींची यादी करावी, मुलीकडच्या भेटी रूढीला धरून असाव्यात आणि ऐपतीच्या मानाने अति नसाव्यात, एवढी अट आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे त्या यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून वधूवरांनी सह्या करायच्या असतात. आमच्या भागातल्या लग्नांत अशी यादी आम्ही अजून पाहिलेली नाही. सगळे 'हौसेने' दिलेले असते. शिवाय देणाराही गुन्हेगार, म्हणून बाप तक्रारीला घाबरतो. वास्तविक पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच हुंडा दिल्याचा खटला भरता येत नाही, असे याच कायद्याचे सातवे कलम सांगते. हे आपल्या वाचकांना एकदा ठळक अक्षरात सांगा.

आता कोणी म्हणेल, बौद्धांमध्ये हे आले कुठून? आपल्याकडच्या कष्टकरी जातींत पूर्वी देज होते, म्हणजे मुलाकडचे मुलीच्या बापाला द्यायचे. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा समाजात ही रीत आजही दिसते. आम्ही तिचा गौरव करत नाही, कारण तिथेही बाईचा व्यवहार पुरुषच ठरवतात. पण हुंडा ही आमच्या आजी-पणजीची परंपरा नव्हती, एवढे त्यावरून कळते. मग तो आला कसा, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात आहे. त्यात गॅब्रिएल टार्ड यांचा आधार घेऊन ते दाखवतात की अनुकरण वरून खाली वाहते आणि जो थर जितका जवळचा, तितके त्याचे अनुकरण अधिक. निबंधाचा विषय जातींची पोटजातीबंद लग्ने हा होता. आम्ही तेच सूत्र हुंड्याला लावतो. वरच्या जातींची प्रतिष्ठा हुंड्याने मोजली जात होती. आमच्यातल्या पहिल्या नोकरदार पिढीने तेच माप उचलले, आणि त्या नोकरदाराचे पाहून कंत्राटी कामगाराने. आम्ही त्यांचे देव सोडले, प्रतिष्ठेचे माप मात्र घरी आणले. लग्नात त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि मांडवाच्या दाराशी फुलांनी सजवलेली मोटारसायकल उभी करायची, याला धम्म म्हणत नाहीत.

हीच साखळी पुढे कशी जाते, तेही ऐका. त्या रोजंदारीवरच्या बापाला एक मुलगाही आहे. लग्नानंतर तो आम्हाला म्हणाला, "आता पोराच्या लग्नात थोडंफार निघेल." काल पिळला गेलेला माणूस उद्या दुसऱ्याला पिळायला तयार आहे, आणि तरी तो वाईट माणूस नाही. एकट्याने नकार दिला तर मुलीच्या वेळी गेलेले परत येणार नाही, आणि मुलाच्या वेळी लोक त्याला भोळा म्हणतील. इथे 'समाजप्रबोधन' थांबते. हुंडा वाईट आहे हे त्याला पटलेलेच आहे. बाकीचेही सोडतील, याची त्याला खात्री नाही.

अशा रूढी मोडतात कशा, याचा अभ्यास झालेला आहे. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची प्रथा शतकानुशतके चालली. पाय न बांधलेल्या मुलीला चांगले स्थळ मिळत नसे, म्हणून माया करणारी आईच पाय बांधत असे. १८९० च्या दशकात तिथे संघ वाढू लागले. त्यांत आईबाप दोन शपथा घेत : मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाचे लग्न पाय बांधलेल्या मुलीशी करणार नाही. राज्यशास्त्रज्ञ गेरी मॅकी यांनी १९९६ साली दाखवले की प्रथा मोडण्यात या शपथा निर्णायक ठरल्या, आणि आमच्या मते त्यात मोलाची ती दुसरी शपथ. मुलाकडच्यांनी दार उघडले तेव्हा मुलीकडच्यांची भीती गेली.

आमची मांडणी याच धर्तीवर आहे. हुंडाविरोधी शपथ मुलींना देऊन उपयोग नाही. ती मुलांनी आणि मुलांच्या आईबापांनी, बैठकीच्या आधी, लोकांसमोर घेतली पाहिजे. एका गावाने घेऊनही चालणार नाही. आमच्या सोयरिकी यावल, रावेर, चोपडा, भुसावळ, जळगाव ते बुऱ्हाणपूरपर्यंत जातात, तेवढ्या पट्ट्यात ती एकत्र व्हावी लागेल. भुकूमच्या घटनेनंतर मराठा समाजातही लग्नाची आचारसंहिता ठरवण्यासाठी बैठका झाल्या. दिशा तीच आहे. पण जेवणावळी आणि डीजे बंद करून घेणेदेणे तसेच ठेवले, तर ती फक्त काटकसर होईल.

याच्या मर्यादा आम्हाला ठाऊक आहेत. पहिला फुटतो तो सरकारी नोकरीवाला मुलगा, कारण त्याचा भाव सर्वांत जास्त. आणि लग्नात न घेतलेले मागाहून येते : पहिल्या दिवाळसणाला अंगठी, बारशाला पाळण्याबरोबर गाडीचा हप्ता. म्हणून शपथ पाळली की नाही, हे लग्नाच्या दिवशी कळत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी मुलीच्या आईला विचारले की कळते. आणि जोवर स्थळे जातीच्या आणि पोटजातीच्या कुंपणातच शोधली जातात, तोवर मोजक्या नोकरदार मुलांचा भाव चढाच राहणार. आंतरजातीय विवाह आम्हाला याही कारणासाठी हवा आहे.

हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी हुंड्याची रक्कम त्या मुलीची विश्वस्त ठेव मानली होती. १८ वर्षांची झाल्यावर ती तिने मागून घ्यावी, सासरच्यांचा तिच्यावर हक्क नसावा. बाईच्या नावाने दिलेले बाईच्या हाती पडत नाही, हे त्यांनी १९४८ साली ओळखले होते.

शेवटी आपल्याबद्दल. अग्रलेख छापला त्याच आठवड्यात आपण एका पुढाऱ्याच्या घरचे लग्न 'शाही विवाह सोहळा' म्हणून फोटोंसह छापले. अनुकरण वरून खाली वाहते, हे वर लिहिलेच आहे. ते वाहून नेणारा एक पाट आपले पानही आहे. अग्रलेख लिहू नका असे आम्ही म्हणत नाही. आधी तो पाट बंद करा. आम्ही आमच्या समाजमंदिरातली बैठक सुधारायला घेतो. पुढच्या वेळी मध्यस्थ "आधीच्या स्थळाने" असे म्हणेल, तेव्हा आम्ही गप्प बसणार नाही.

कळावे,
आपले,
यावल येथील कार्यकर्ते