निवडुंगातलं म्हणजे सौम्य?

होस्टेलच्या गप्पांत एक मत हमखास ऐकू येतं: एलएसडी प्रयोगशाळेतलं, म्हणून घातक, मेस्कलिन पेयोटी निवडुंगातलं, म्हणून सौम्य. मला हे अजिबात पटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दोन्ही द्रव्यं त्याच स्वयंसेवकांना, कोणतं ते न सांगता दिली. भास आणि बदललेली जाणीव जवळजवळ सारखीच निघाली. फरक पडला वेळेत: एलएसडीचा अंमल सरासरी 8 तास, मेस्कलिनच्या मोठ्या मात्रेचा 11. म्हणजे घाबरगुंडी उडालीच, तर 'सौम्य' निवडुंग ती जास्त वेळ पुरवणार!

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेत पेयोटीला सूट आहे, पण ती तिथल्या आदिवासींच्या धार्मिक विधींपुरती. आपल्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत दोन्ही नावं आहेत. 'नैसर्गिक' असा वेगळा रकाना तिथे नाही.