काचेची नळी आणि क्यूबँक

सकाळी साडेआठच्या सुमारास मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनवर उतरलात, तर पाठीवर बॅग आणि बॅगेतून एप्रनची बाही लोंबणारी मुलं हमखास दिसतील. नेरूळपासून पनवेलपर्यंतच्या या पट्ट्यात तीन-चार मेडिकल कॉलेजं आहेत. फायनल पार्ट टूच्या वर्षात या मुलांचा रोजचा वाद एकच असतो, राउंडला जायचं की लायब्ररीत बसायचं? लायब्ररीवाल्यांचं म्हणणं असं की वॉर्डात वेळ फुकट जातो, पीजीची सीट क्यूबँक आणि क्लासच मिळवून देतात, आणि हजेरी हा कॉलेजचा निव्वळ जाच आहे. मीही या पट्ट्यातल्याच एका कॉलेजात शिकलो आणि वर्षभर याच पक्षात होतो. म्हणून त्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो.

वॉर्डात वेळ जातो, हे खरं आहे. एका खाटेभोवती वीस जण उभे असतात आणि मागच्या रांगेतल्याला पेशंटचे पाय तेवढे दिसतात. सर ओपीडीत अडकलेले असतात. जेआर रात्रभर जागलेला असतो, तो ‘केस घ्या’ म्हणतो आणि निघून जातो. सकाळच्या तीन तासांतला एक तास कामाचा ठरला तरी नशीब. हे नाकारणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा मागच्या रांगेत उभं राहून बघावं.

पण त्यावरून ‘वॉर्ड बुडवा’ असा निष्कर्ष काढला की गणितच चुकतं. हजेरीचा नियम थिअरीला पंचाहत्तर टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ऐंशी टक्के. चार आठवड्यांची पोस्टिंग, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे चोवीस दिवस. ऐंशी टक्के म्हणजे किमान वीस. बुडवायला हातात फक्त चार दिवस उरतात. त्यातला एक तापात जातो, एक चुलतबहिणीच्या लग्नात. ग्रँड टेस्टसाठी राहिले दोन. ‘नंतर संध्याकाळी जाऊन भरून काढू’ म्हणणाऱ्यांची लॉगबुकं कोरी राहतात, कारण पुढची पोस्टिंग तोवर सुरू झालेली असते आणि सही करणारे सर दुसऱ्याच बॅचमागे असतात.

आणि इथेच पीजीच्या तयारीचा खरा घात होतो. माझ्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. पीडियाट्रिक्सच्या पोस्टिंगमध्ये तो सलग दहा दिवस रूमवर बसून व्हिडिओ बघत राहिला. अभ्यास उत्तम झाला, यात शंका नाही. पण डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं, परीक्षेचा फॉर्म अडला आणि तो सहा महिने मागच्या बॅचला गेला. आमची इंटर्नशिप एप्रिलला सुरू झाली, त्याची ऑक्टोबरला. इंटर्नशिप पूर्ण बारा महिन्यांची असते आणि नीट-पीजीला बसायचं तर ती ठरावीक तारखेच्या आत संपलेली लागते. 2025 च्या परीक्षेला ती तारीख 31 जुलै होती. अशी जुलैअखेरची तारीख धरली, तर आम्ही मार्चअखेर मोकळे होऊन आरामात आत होतो. त्याची इंटर्नशिप संपली पुढच्या ऑक्टोबरला, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी हुकला आणि गेलं अख्खं वर्ष. दहा दिवस वाचवले आणि तीनशे पासष्ट घालवले. पीजीच्या नावाखाली हजेरी बुडवणारा ज्या फांदीवर बसतो तीच तोडतो, असं मी म्हणतो ते या हिशेबावरून.

आता दुसरा पक्ष. काही प्राध्यापक छातीठोकपणे सांगतात, ‘आमच्या वेळी कुठे होते क्लास? वॉर्ड नीट केलात की सगळं येतं.’ येत नाही, सर. परीक्षा एकोणीस विषयांची असते आणि मेडिसिनच्या वॉर्डात बायोकेमिस्ट्रीचं एन्झाइम कोणत्याच खाटेवर झोपलेलं नसतं. शिवाय ही वेळेची परीक्षा आहे. दोनशे प्रश्न, साडेतीन तास. 2024 पासून तर पेपरचे पाच भाग झाले, प्रत्येकी चाळीस प्रश्नांना बेचाळीस मिनिटं, आणि एक भाग संपला की मागे फिरता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला त्रेसष्ट सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. उत्तर येत असणं आणि ते त्रेसष्ट सेकंदांत चार पर्यायांतून उचलणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं प्रश्न सोडवूनच येतं. क्लासची चेष्टा करणाऱ्यांनी हे एकदा घड्याळ लावून करून पाहावं.

मात्र क्लास म्हणजे दर रविवारी कुर्ल्याला गाडी बदलून दादरला जाणं नव्हे. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये आणि सोमवारच्या राउंडला डुलक्या. रेकॉर्डिंग मिळत असेल तर ते घरी पाहा. तेही फायनलच्या वर्षात सगळ्या एकोणीस विषयांचं नको. या वर्षी मेडिसिन, सर्जरी, गायनॅक आणि पीडियाट्रिक्स. बाकीचे विषय फक्त रविवारच्या प्रश्नांपुरते ठेवा आणि त्यांचं खरं वाचन इंटर्नशिपच्या हलक्या पोस्टिंगसाठी राखून ठेवा.

मग मांडणी काय? सकाळी पाहिलेला पेशंट त्याच संध्याकाळी वाचायचा आणि त्याच आजाराचे वीस-पंचवीस प्रश्न त्याच रात्री सोडवायचे. एवढंच. यात वॉर्ड आणि क्यूबँक एकमेकांचा वेळ खात नाहीत. नुसतं वाचणं आणि वॉर्डात पाहणं यातला फरक कळावा म्हणून एक प्रसंग सांगतो. रायगडच्या भातशेतीत पावसाळा आणि साप एकदमच येतात. इमर्जन्सीच्या रात्री पायाला दंश झालेला एक शेतकरी आला. ‘ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट’ आमच्या सगळ्यांना पाठ होती. दोन मिली ताजं रक्त, वीस मिनिटं, गोठलं नाही तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली असं धरायचं. लायब्ररीतल्या आमच्या टॉपरने तत्परतेने रक्त काढलं आणि समोर दिसली त्या प्लास्टिकच्या नळीत भरलं. सिस्टर ओरडल्या, ‘अरे, काचेची घे! आणि साबणाने धुतलेली नको.’ काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकमध्ये ती तशी होत नाही. धडधाकट माणसाचं रक्तही त्यात पातळ राहू शकतं आणि गरज नसताना अँटिव्हेनम टोचलं जातं. हा ‘काच’ शब्द पुस्तकात होता, त्याने अधोरेखितही केला होता. पण तो त्याला खरा लागला सिस्टरचा आवाज चढला तेव्हा.

पुन्हा काचेची कोरडी नळी घेतली, रक्त भरलं आणि स्टँडवर ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मधल्या वेळात आम्ही पापणी पडते का, हिरड्यांतून रक्त येतं का, सूज किती वर चढली ते बघत होतो, सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहीत होतो. पेशंटच्या भावाने टपरीवरून चहा आणला. मधल्या उसंतीत टॉपरने मोबाइल काढला आणि विषबाधेच्या धड्यावरचे प्रश्न लावले. वीस मिनिटांत परीक्षेच्या वेगाने एकोणीस होतात, त्याचे अकराच झाले, कारण प्रत्येक प्रश्नानंतर तो मान वर करून नळीकडे बघत होता.

वेळ झाली तशी सिस्टरने नळी हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. टॉपरने फोन खिशात टाकला आणि अँटिव्हेनमच्या दहा वायल्स आणायला धावला.