फुटलेली बातमी आणि पक्की खबर

मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लीव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बॉण्ड लिप्टनचे ८ लाख समभाग ३५० रुपयांच्या आसपास घेतले. महिनाभरातच या दोन्ही युनिलिव्हर-कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, भाव चढला. विकणाऱ्या ट्रस्टमागे अमरावती-अकोल्यासारख्या गावांतील पगारदारांची पुंजी होती. सेबीने १९९८ मध्ये ट्रस्टला ३.०४ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला. अपिलात तो टिकला नाही. बातमी वृत्तपत्रांतून आधीच फुटली होती, हे त्याचे एक कारण! परंतु वृत्तपत्रातील वदंता आणि संचालकांना असलेली खात्री एकच कशी? आज संचालक मंडळाने बाजार चालू असताना असा निर्णय घेतला, तर बैठक संपल्यापासून अर्ध्या तासात तो शेअर बाजाराला कळवावा लागतो. त्यानंतरही ४८ तास आतल्या मंडळींना सौदा वर्ज्य असतो.