‘आंडेर’ म्हणजे काय?

साडेतीन महिन्यांच्या मुलीला लस टोचण्यासाठी एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई मूळची धुळे जिल्ह्यातील, मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वडील शहापूरकडचे, आगरी कुटुंबातील. सुई टोचताच बाळाने टाहो फोडला. आईने तिला छातीशी धरले, ‘मनी आंडेर, मनी आंडेर’ असे दोनदा पुटपुटली, पतीकडे पाहिले आणि एकदम ‘अगं बाळा, झालं हं’ असे म्हणू लागली. बाळ रडतच होते, मात्र माझे लक्ष त्या बदललेल्या शब्दाकडे गेले.

अहिराणीत ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. ‘मनी आंडेर’ म्हणजे माझी लेक. पतीला मी सहज विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘डॉक्टर, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, आंडेर म्हणजे काय, अंडं का?’ त्यांच्या मते त्यांनी अर्थ विचारला होता. तिच्या मते तिच्या आजीची थट्टा झाली होती. कारण तेल लावून वेणी घालताना आजीच तिला त्या शब्दाने हाक मारीत असे. त्या दिवसापासून पती घरी असताना हा शब्द तिने उच्चारला नव्हता. त्यावरून भांडण झाले नव्हते, त्यामुळे त्यांना काही कळलेही नव्हते.

वाचकहो, असे काही आपल्या घरी घडले आहे का, हे ओळखण्याची खूण भांडण नसून मौन आहे. जोडीदार माहेरच्या किंवा गावच्या माणसाशी फोनवर बोलताना आवाज खाली आणतो, आपण खोलीत शिरताच शब्द प्रमाण मराठीकडे वळतात, विचारल्यावर ‘काही नाही, असंच’ असे उत्तर येते.

बालपणीची भाषा शरीरात खोल रुजलेली असते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या व्यक्तींच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली गेली. लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्ये मातृभाषेत ऐकताना त्यांच्या शरीराचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. ती वाक्ये रागाची होती, लाडाची नव्हती, हे सांगितले पाहिजे. तरी दवाखान्यात मला जे दिसते ते याच्याशी जुळते.

मग विचारावे कसे? प्रथम वेळ पाहावी. शब्द ओठांवर असताना, बाळ रडत असताना किंवा चारचौघांत विचारू नये. रात्री निवांतपणी विचारावे, आणि ‘म्हणजे काय?’ असे न विचारता ‘तुला लहानपणी असं कोण म्हणायचं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला शब्दकोशातले उत्तर मिळते. दुसऱ्याला आजी, तिचा ओटा आणि तेलाची वाटी मिळते. पुढे हवे तर ‘रागावली की काय म्हणायची?’ हेही विचारता येते. उत्तर आल्यावर ‘म्हणजे मुलगी, एवढंच ना?’ असे मात्र म्हणू नये. या ‘एवढंच’ने सारे पुसले जाते. ‘आमच्या शुद्ध मराठीत याला काय म्हणतात’ हेही टाळावे. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले होते. ती बिघडलेली मराठी नव्हे.

‘असंच’ असे उत्तर आले तर त्या रात्री पुन्हा विचारू नये. आणि अर्थ कळला म्हणून तो शब्द लगेच आपण वापरू नये. ‘मी म्हटलं तर चालेल का?’ असे विचारावे. नकारही मिळू शकतो. काही शब्द एकाच माणसाचे असतात.

पूर्वी हसून झाले असेल तर आधी तेवढेच बोलावे: ‘त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं. तो शब्द मला नीट ऐकायचा आहे.’ माझी पत्नी सिंधुदुर्गातील; तिच्या मालवणीतील ‘झील’ या शब्दावर, म्हणजे मुलगा, मी लग्नाच्या पहिल्या वर्षी केलेला विनोद मला आठवतो. तिलाही आठवतो.

पुढील लसीला ते जोडपे आले तेव्हा निराळेच निघाले. पतीने आठवड्यानंतर विचारले होते. आजीची गोष्ट सांगून झाल्यावर तिने उलट विचारले, ‘तुमची आई हिला बाय का म्हणते?’ आगरी घरांत लेकीबाळींना मायेने ‘बाय’ म्हणतात. दिवसभर शाळेत ‘बाई, बाई’ ऐकणाऱ्या तिला तो शब्द परका, काहीसा कोरडा वाटत होता, आणि तीही गप्प होती. त्यांना लहानपणी ‘बाय’ म्हणून हाक मारली जाणारी थोरली बहीण होती, ती लग्न होऊन दूर गेली, हे तिला तेव्हा प्रथमच कळले.

या वेळी सुई टोचल्यावर आईने ‘मनी आंडेर’ असे मोठ्याने म्हटले. बाळ तितकेच रडले.