पाठाच्या टांचणांतील उजवा रकाना

सरावपाठांच्या वहींत प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन व उपयोजन या पायऱ्या बहुधा यथास्थित असतात. परंतु विद्यार्थ्यांच्या कृतीच्या रकान्यांत 'विद्यार्थी ऐकतात' एवढेंच पानभर वाचून आम्हांस विषाद वाटतो. तो पाठ नव्हे, व्याख्यान होय. बाष्पीभवनाचाच पाठ घ्या. प्रस्तावनेच्या वेळींच शिक्षकानें दोन सारखे ओले रुमाल, एक घडी करून व एक पसरून, सावलींत वाऱ्यावर ठेविले. समोर काय लिहावें? 'मुलें १५ मिनिटांनीं दोन्ही चाचपतात. पसरलेला अधिक सुकला असें सांगतात. त्याला ऊन जास्त लागलें, असेंही एखादा म्हणेल.' हें चुकीचें उत्तर आधींच लिहिलें म्हणजे डाव्या रकान्यांतील पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: दोन्ही सावलींतच होते ना? मग वारा कोणाच्या अधिक भागास लागला?